राक्षसाच्या शिव्या

आई, एका राक्षसाने माझ्या डोक्याला ताप करून ठेवलाय आणि तुझ्याखेरीज हे कुणाला सांगावं ते कळत नाही. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते हे तुला कधी नीट पटलंच नाही, "यात काम काय हाय?" असं तू विचारायचीस. तर काम सांगते. पाताळगंगेच्या काठच्या गुहेत एक राक्षस राहतो, पोरांचे आवाज चोरतो आणि लोणच्याच्या बरण्यांत भरून ठेवतो. एक मुलगी आपल्या भावाचा आवाज परत आणायला त्याच्या गुहेत जाते. आता हा राक्षस तिला शिव्या देणार, हे उघड आहे. गोष्ट दोन आठवड्यांत लिहून झाली आणि शिव्यांवर मी चार महिने बसले आहे.

संपादकबाईंनी हस्तलिखित तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा म्हणाल्या, राक्षस मिळमिळीत आहे. बरोबरच होतं, मी त्याच्या तोंडी "दुष्ट मुली" आणि "मूर्ख कार्टे" घातलं होतं, आणि तेवढं तर शेजारच्या काकूही बोलतात. मग मी चिडून त्याला असा काही बोलायला लावला की त्या म्हणाल्या, मुलं झोपणार नाहीत. तिसऱ्यांदा तो नुसताच विदूषक झाला. फोनवर त्या शांतपणे म्हणाल्या, "थोडं घाबरवा, पण फार नको, आणि हसवा, पण त्याचा धाक जाऊ देऊ नका." अगं, एवढं सोपं असतं तर त्यांनीच नसतं का लिहिलं? मी फोन ठेवला आणि भांडी आपटत घासली.

घासता घासता तू आठवलीस. आपली कांडपाची गिरणी, एप्रिल-मे, दारापर्यंत बायकांची रांग, आणि मधेच एखादा पुरुष घुसतो. तू लोखंडी मुसळांच्या त्या धाडधाड आवाजावर आवाज चढवून, चेहरा जराही न हलवता म्हणायचीस, "लायनीत ऱ्हा, नायतं तुला मिरचीबरोबर कुटीन, चाळून तुज्या बायकोला देईन, न् वजनात कमी भरलास तं तक्रार घेऊन यायची नाय." सगळी रांग हसायची, तो माणूसही हसायचा, पण मागे जाऊन उभा राहायचाच. मी हात पुसले आणि ते वाक्य कागदावर लिहून त्याचे तुकडे केले. आधी खरीखुरी धमकी, मग तीच आणखी एक पायरी वर, आणि अगदी शेवटी दुकानदारी. हसू शेवटच्या तुकड्यात, त्यानंतर एक शब्दही नाही. आणि बोलणाऱ्याला आपण विनोद करतोय याचा पत्ताच नसल्यासारखा चेहरा. माझा राक्षस स्वतःच्याच बोलण्यावर खदाखदा हसत होता, तिथेच त्याचं वाटोळं झालं होतं.

मग मी राक्षसाला कामाला लावलं. "तुझं हाड न् हाड वेगळं करीन! एकेक पुसून घेईन! आणि लहान-मोठं बघून फळीवर नीट लावून ठेवीन!" हे जमलं. नावं ठेवायची तर भाज्या बऱ्या, कारण वर्गात कुणी सुरण नसतो. "सडक्या सुरणाच्या साली", "ढबू ढेमशाच्या ढेकरा". ट, ठ, ड, ढ तोंडात आपटले की पोरांना मजा येते. पण शिवी एका दमात म्हणता आली पाहिजे, नाहीतर मधल्या सुट्टीत ती कुणी वापरणार नाही. एका पानावर दोनच, तिसरी आली की पहिल्या दोन्ही फुकट जातात. आणि प्रत्येक शिवीतून राक्षसाचीच एखादी खोड बाहेर पडली पाहिजे. माझा राक्षस टापटिपीचा वेडा निघाला, बरण्यांना चिठ्ठ्या लावणारा. तो कुठे हळवा आहे ते कळलं की मूल घाबरलं तरी उलट उत्तर देऊ शकतं.

चौथा खर्डा घेऊन मी कामोठ्याला मैत्रिणीच्या क्लासमध्ये गेले. तिसरी-चौथीची बारा मुलं होती. हाडांच्या फळीची ओळ आली तेव्हा मुलं आधी एकमेकांना चिकटली, मग असा हशा उठला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावलं. मी खूश होऊन वाचत सुटले. पुढे राक्षस मुलीला हुंगतो आणि म्हणतो, "शी! तुझ्या अंगाला वास येतो! लांब उभी राहा!" इथे मला सगळ्यांत मोठं हसू हवं होतं. दोन मुलगे हसले. बाकीच्यांनी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे पाहिलं. तिने हळूच दोन्ही हात बाकाखाली घेतले आणि त्यानंतर गोष्टभर मान वर केली नाही. मैत्रिणीने नंतर सांगितलं, तिची आई नाक्यावर सुकट-बोंबील विकते.

इतका वैताग मला स्वतःचा कधी आला नव्हता. चार महिने नियम शोधतेय आणि सगळ्यांत साधा नियम विसरले, की मुलाच्या अंगावर, घरावर, आईच्या कामावर खरोखर चिकटेल अशी शिवी राक्षसाच्या तोंडीसुद्धा घालायची नाही. तू पाव किलो मिरची घेऊन येणारीला कधी एक शब्द बोलली नाहीस, लंगडत येणाऱ्या त्या म्हाताऱ्या चाचांना तर नाहीच. हे कुठे लिहून ठेवलं नव्हतंस, तरी तुला ते ठाऊक होतं.

आठवड्याने बदललेलं पान घेऊन परत गेले. आता राक्षस मुलीला हुंगतो, मागे सरकतो, थरथरतो. "साबण! तुझ्या अंगाला साबणाचा वास येतो! माझ्या गुहेत न विचारता स्वच्छता आणतेस? आधी अर्ज कर!" वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. दुसऱ्या बाकावरची हसली, आणि निघताना शेजारच्या मुलाचं मनगट हुंगून त्याला म्हणाली, "अर्ज कर!" संपादकबाईंनी पान मंजूर केलं. तिथली खोडलेली आधीची ओळ कुठून आली होती असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, अशीच सुचली.

ती सुचलेली नव्हती, आई. मी नववीत होते. डबा विसरले म्हणून तू गिरणी सोडून धावत शाळेच्या फाटकाशी आलीस, पापण्यांवर लाल भुकटी तशीच होती. माझ्याबरोबर चार मैत्रिणी होत्या. मी शब्दशः हेच म्हणाले, "तुझ्या अंगाला वास येतो, लांब उभी राहा." सगळ्या पनवेलला उत्तर देणारी तू नुसतं "बरं" म्हणालीस, डबा फाटकाच्या कठड्यावर ठेवलास आणि गेलीस. त्यानंतर शाळेत यायचं असलं की तू भर दुपारी गिरणी बंद करून आधी आंघोळ करायचीस. त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी तीन आठवडे उशाशी बसून होते, तेव्हासुद्धा मी फक्त औषधांचं बोलत राहिले.

गोष्टीतली ओळ मला खोडता आली. हे कागद मी वहीतून फाडणार नाही, देणार तरी कुणाला? फक्त एक सांगायचं राहिलंय. तो वास मला कधीच वाईट वाटला नव्हता. तू संध्याकाळी गिरणीवर असताना मी तुझं कामाचं दुसरं, धुऊनही वास न गेलेलं पातळ दोरीवरून काढून उशीवर अंथरायचे आणि त्यावर तोंड ठेवून झोपायचे. नववीतही, त्या दिवशीसुद्धा.