आभार, तपशिलाशिवाय

३ तारीख, सोमवार

नवं गाव, नवी खोली, नवी वही. जिना चढून वर आले आणि धाप लागली नाही. दोन बॅगा, एक उशी आणि पुस्तकांचं खोकं घेऊन चढले, तरी नाही. घरमालकीणबाई खालून बघत होत्या. म्हणाल्या, बारीक आहात पण काटक दिसता. मी हसले. सहा महिन्यांपूर्वी याच काटक बाईला केस विंचरताना मध्ये बसावं लागायचं.

खोलीला दोन खिडक्या आहेत. दोन्ही उघडल्या. पडदे अजून लावले नाहीत, लावायची घाईही नाही.

काम फोटो स्टुडिओत. मालकांना सगळे फोटोवाले म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. लोक हल्ली नुसता फोटो काढून जात नाहीत, त्याखाली टाकायच्या चार ओळीही इथूनच लिहून नेतात. बारसं, निवृत्ती, नवं घर, पहिला पगार. त्या चार ओळी लिहिणं हे माझं काम. फोटोवाले म्हणाले, माणसांना फोटोत हसता येतं, पण खाली काय लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. तो घाम आता तुमचा.

५ तारीख, बुधवार

आज पहिलं गिऱ्हाईक मीच. नवीन माणसाचा फोटो फुकट, अशी इथली रीत आहे. मोठ्या खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. खिडकी सताड उघडी, मागे पडदा फुगलेला. फोटो खरंच चांगला आलाय. गालांवर थोडं मांस दिसतंय.

फोटोवाल्यांना एवढंच ठाऊक आहे की मी आजारी होते. म्हणाले, मग बरी झाल्याचा फोटो म्हणून टाका, ओळी तुम्ही लिहा, बघू कशा लिहिता.

मी एक पानभर लिहिलं. किती किलो घटले, किती महिने गोळ्या, तपासण्या, कोणता दवाखाना. त्यांनी वाचलं आणि लाल पेन काढलं. ही केस पेपरची नक्कल झाली, म्हणाले. बरं झाल्याच्या ओळींत आजाराचं नाव नको, आकडे नकोत, दवाखान्याचं नाव नको, कारण मग लोक आभार वाचत नाहीत, निदान करत बसतात. मरणाच्या दारातून परत आले असंही नको, वाचणाऱ्याला दार दिसायला लागतं. सुरुवात आजपासून करायची. आभार एका वाक्यात, आणि नावं घेऊन नाही, केलेल्या गोष्टी सांगून. नावं घेतली की एक तरी राहतं आणि ते जन्मभर रुसतं. शेवटी असं काहीतरी लिहायचं की पुढे विचारायला कुणाला जागाच उरू नये, पण तोंडावर दार लावल्यासारखंही वाटू नये.

चार वेळा खोडून हे झालं:

खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतेय. आजारपण मागे पडलं. या काळात ज्यांनी विचारपूस केली, जेवण आणून दिलं, नुसतं जवळ बसून राहिले, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. तपशिलात जात नाही. आता बरी आहे, एवढंच सांगायचं होतं.

फोटोवाले दोनदा वाचून म्हणाले, पास. मग निघता निघता म्हणाले, जगाला सगळं सांगायची गरज नसते. जवळच्यांना सांगितलं की झालं.

मी हो म्हटलं.

६ तारीख, गुरुवार

काल टाकलेली पोस्ट एकशे बारा जणांनी बघितली. काळजी घे, छान दिसतेस, देव पावला. मावसबहिणीने लगेच विचारलं, नक्की काय झालं होतं गं? याचंही उत्तर फोटोवाल्यांनी शिकवलंय: आता बरी आहे, तू विचारलंस, बरं वाटलं. तेच चिकटवलं. तिने अंगठा टाकला.

सुपारीनेही लिहिलंय. किती गोड दिसतेस, आता माझ्या हातचं खाऊन परत जाडी हो.

सुपारी म्हणजे वसतिगृहातली माझ्या खोलीतली मैत्रीण. बुटकी, गोल, आणि बोलायला कडक, म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं नाव. तीन वर्षं आमचे पलंग हातभर अंतरावर. मी खोकायचे तेव्हा ती उठून पाठ चोळायची. सांगायची, ही कसली ॲलर्जी बाई, तुझ्या छातीत कुणीतरी भांडी घासतंय.

ॲलर्जी मीच सांगितलं होतं तिला.

मी तिला नुसता लाल बदाम पाठवला.

८ तारीख, शनिवार

विचित्र झालं. जेवणाच्या सुट्टीत पोस्ट उघडली तर खाली बारीक अक्षरात 'संपादित'. आणि आभारांच्या वाक्यात एक जास्तीचा तुकडा: जेवण आणून दिलं, गार लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली, नुसतं जवळ बसून राहिले.

मी हे लिहिलेलं नाही. संपादनाचा इतिहास उघडला. बदल आज सकाळी, माझ्याच खात्यावरून, मी दळणाच्या रांगेत उभी होते तेव्हा. फोन बॅगेत होता.

फोटोवाल्यांना दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी मोठ्याने वाचलं. त्यांच्या तोंडून तो तुकडा आलाच नाही. बुधवारचंच आहे की, म्हणाले.

खिडकी सुपारीच लावायची. मला थंडी वाजायची ना संध्याकाळी.

९ तारीख, रविवार

लिहून टाकते. वही कुणी वाचत नाही.

निदान झालं त्या दिवशी सिस्टरने समजावून सांगितलं होतं. हे हवेतून लागतं. बंद खोलीत जास्त. भांड्यांनी, कपड्यांनी नाही. खिडक्या उघड्या ठेवा. काही आठवडे गोळ्या घेतल्या की सहसा दुसऱ्याला लागत नाही, पण आधीचे दोन महिने तुम्ही खोकत होता, तेव्हा बरोबर राहणाऱ्यांची तपासणी करायलाच हवी. मग फॉर्म पुढे केला. घरात किती माणसं.

मी लिहिलं, एक.

मला वाटलं, सुपारीला कळलं की वसतिगृहाला कळणार. वसतिगृहाला कळलं की खोली जाणार, ऑफिसला कळणार. गोळ्या मी कपाटात चपलांच्या खोक्यात ठेवायचे. ती म्हणायची, जीवनसत्त्वं खाऊन कुणी एवढं लपवतं का?

सहा महिने. रोज ती हातभर अंतरावर झोपायची, आणि मी रोज उद्या सांगू म्हणायचे.

११ तारीख, मंगळवार

सुपारीचा मेसेज. मलाही जरा संध्याकाळचा बारीक ताप येतोय, खोकलाही आहे, तुझी ॲलर्जी मला वारसाहक्काने मिळाली वाटतं. खाली हसणारा चेहरा.

मी लिहिलं, डॉक्टरला दाखव. पुढे लिहिलं, त्यांना सांग की — मग तेवढं पुसलं.

पोस्ट उघडली. फोटोतला पडदा खाली पडलाय. फुगलेला नाही. खिडकीचं एक दार लागलंय.

१३ तारीख, गुरुवार

नवीन ओळ. माझ्याच शब्दांत, मी जसं लिहिते तसंच, एकही आकडा नाही, आजाराचं नाव नाही:

जिने रोज पाठ चोळली आणि कधी काही विचारलं नाही, तिचे विशेष आभार.

पुसली. पोस्ट बंद करून उघडली. आहे. अख्खी पोस्टच उडवली. पाच मिनिटांत परत, तेच बदाम, तेच शेरे, संख्या एकशे तीस.

मावसबहिणीला फोन करून वाचायला लावलं. जुनंच वाचलं तिने. म्हणाली, किती बेताचं लिहिलंयस, तुझ्याकडून शिकावं.

दुसरं दारही लागलंय. कडीवर हात आहे. बोटं आखूड, गुबगुबीत —

नाही. मनगट बारीक आहे. बांगडी कोपरापर्यंत घसरलीय.

१४ तारीख, शुक्रवार

एक बाई आल्या, मुलगा आजारातून उठलाय, ओळी हव्यात. मी लिहायला बसले आणि कागदावर फॉर्म उतरला. घरात किती माणसं. एक. एक. एक.

फोटोवाल्यांनी पाणी दिलं. घरी जा म्हणाले. बरं नाही का परत, असं हळू विचारलं.

मी बरी आहे. तेच तर.

१५ तारीख, शनिवार

सकाळी वसतिगृहातून रेक्टरबाईंचा फोन. सुपारीला दवाखान्यात ठेवलंय. चार दिवस न्यूमोनियाची औषधं झाली, उतार नाही. नमुन्यात स्पष्ट काही येत नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतायत, बरोबर राहणाऱ्या कुणाला काही होतं का, कळलं तर औषधाची दिशा ठरेल. तू आजारी होतीस ना, असं त्या म्हणाल्या. तुला काय होतं?

मी म्हणाले, साधा ताप होता.

त्या म्हणाल्या, बरं. सुपारीही सांगत होती, तुला नुसती ॲलर्जी होती, तुला त्रास देऊ नका.

दुपारी पोस्ट उघडली. फोटोत आता सुपारी स्टुलाच्या मागे उभी आहे. माझ्या खांद्यावर तिची हनुवटी. गाल बसलेत, डोळे मोठे. रागावलेली नाही. माझ्या तोंडाजवळ तोंड, आणि हसतेय, कुणी फोटोसाठी हसतं तसं.

खाली फक्त एक ओळ उरलीय. आता बरी आहे, एवढंच —

१६ तारीख, रविवार

रेक्टरबाईंचा परत फोन. रात्री ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर फेरीला आलेत, पलंगापाशीच आहेत, शेवटचं विचारते म्हणाल्या, आठवून सांग.

थांबा म्हटलं. त्या थांबल्यात. फोन टेबलावर आहे, त्यातून खोकला ऐकू येतोय. तिचा.

बोलायला जाते तर तेच येतं तोंडात, तपशिलात जात नाही, आता बरी — म्हणून लिहितेय. लिहून झालं की वाचून दाखवेन. एकच वाक्य आहे.

खोली अंधारतेय. दोन्ही खिडक्या मी उघड्या ठेवल्या होत्या —

मागे कडी. हळू लावतंय कुणी. मला गार लागू नये म्हणून.

रेक्टरबाई हॅलो हॅलो म्हणतायत.

लिही. लिही बाई.

डॉक्टरांना सांगा. सहा महिने गोळ्या घेतल्या मी. फॉर्मवर एक लिहिलं, आम्ही दोघी होतो. मानेवर श्वास — तिचा — ऊन आहे — सुपारी, ऐक, मला क्ष