झल्ली म्हणावं, खोती म्हणू नये

बीजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे कागद कुणाच्या नावानं धाडायचे, तेही कळत नाही. हात थकलेत. तरी तुमच्या जळगावच्या रेल्वे क्वार्टरमधली ती दुपार काही पुसली जात नाही.

लग्नाला सहाच महिने झाले होते. दोन्ही घरांनी नको नको म्हणत लावून दिलेलं लग्न. मी धुळ्याच्या शाळेत कविता शिकवणारा. तुमच्या लेकीशी तिच्या पंजाबी बोलीत लाडानं बोलावं, असा माझा हट्ट. शब्द वेचले ते तुमच्याकडे येता-जाता, यार्डातल्या पंजाबी फिटरांकडून. ते एकमेकांच्या पाठीत धपका घालून "ओए खोतया" म्हणायचे आणि दोघंही हसायचे. खोता म्हणजे गाढव हे मला ठाऊक होतं, पण हसण्यावरून मी त्यात माया धरली. एका सकाळी तिची भाकरी तव्यावर मोडली, आणि माझ्या आईच्या देखत मी म्हणालो, "ओए खोतीए."

तिनं हात धुतले. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं ती तुमच्याकडे निघून गेली. आई म्हणाली, "काय बोलना रे तू तिले? जाय, लई ये तिले." तिला घेऊन यायला मी तुमच्या दारी आलो. ती परत आली नसती तर पुन्हा कुणी मधे पडणारं नव्हतं.

तुम्ही सुपात तूरडाळ पाखडत होतात. मान वर न करता म्हणालात, "जावईबापू, 'ओए' पुरुषांत. बायकोला 'नी' म्हणायचं, तेही हळू. जनावराचं नाव नको, आईबापावर जाणारं नको, रूपावर नको. वेडाचं चालतं. 'कमलिए' म्हण, 'झल्लिए' म्हण. वेडी म्हटलं तरी ती तुझ्यावरच वेडी, नाही का?"

मी विचारलं, "आणि 'मरजाणिए', म्हणजे 'मेले'? तुम्ही तर तिला रोज म्हणता."

"मी आई आहे. तू म्हातारा झाल्यावर म्हण. जो शब्द तिची बला आपल्या अंगावर घेतो तो कधी चुकत नाही. 'सदके जावाँ' म्हण, 'वारी जावाँ' म्हण. ओवाळून टाकायचं ते स्वतःला, तिला नाही. आणि थट्टा चारचौघांत नको, सासूसमोर तर मुळीच नको."

मागच्या ओट्यावर ती पाठमोरी बसली आहे. मी जवळ जातो. वर्गात कविता म्हणताना कधी असा आवाज अडखळला नाही. "नी झल्लिए, मैं सदके जावाँ." मग ती न वळता म्हणते, "जा वे शुदाइया." वेडा म्हणाली. रागावली की ती मला 'जी' लावून बोलायची; आता लावलं नाही, तेव्हाच समजलो की संध्याकाळच्या मोटारीला दोन तिकिटं लागणार.

आता ती आत पडून असते, ऐकूही कमी येतं. परवा नातसुनेला सांगत होती, "यांना त्या वेळी किती गोड सुचलं, आपलं आपण." बीजी, तुम्ही शिकवलं होतं हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही, आणि आता सांगायचा विचारही नाही.