आईचं हिरवं, पांढरं, तांबडं

बसानो,
१४ ऑक्टोबर १८६६

चि. सौ. दोमितिल्ला हिला ताईचे आशीर्वाद.

टपाल पुन्हा सुरू झालं हे ऐकलं आणि पहिलं पत्र तुलाच लिहायला बसले. मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही.

इकडची बातमी अशी. येत्या एकवीस आणि बावीस तारखेला गावात मतदान आहे. इटलीच्या राज्यात सामील व्हायचं का, हो किंवा नाही. तह होऊनही आपल्या माजी, ऑस्ट्रियाच्या बादशहांना आमचा प्रांत थेट इटलीच्या हाती देणं कमीपणाचं वाटलं. म्हणून त्यांनी तो फ्रान्सच्या बादशहाला दिला, आणि आता तो पुढे आम्हाला देणार. लग्नाच्या घरी फिरवतात तसं मिठाईचं ताट फिरतंय. असो, ताट शेवटी आमच्या दारी आलं.

म्हणून मागते. आईने अठ्ठेचाळीस सालच्या उठावात चोरून शिवलेला तिरंगी झेंडा मला पाठव. आई तुझ्या घरी वारली, तेव्हा तिचे कानातले, तिची शाल आणि झेंडा हे सगळं तुझ्याकडेच राहिलं. मी एकही वस्तू मागितली नाही. जुलैत इटलीची फौज माझ्या दारावरून दोन दिवसांत पुढे गेली आणि तुमच्याकडे दोन आठवडे मुक्कामाला राहिली. तू लिहिलंस की अधिकारी तुझ्या टेबलावर जेवतात आणि आईचा झेंडा तुझ्या सज्जात फडफडतो. ते पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझी जेवणावरची वासना उडाली. आता फौज माघारी आली आहे आणि तुमचं गाव बादशहांकडेच राहिलं आहे. तुला तो झेंडा लावता येणार नाही, मला येईल. चाळीस वर्षं पोरींना अक्षरं शिकवलेल्या बाईच्या खिडकीवर तो शोभून दिसेल.

फोर्तुनातोरावांना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ऑर्तेन्सिया


बोर्गो,
१७ ऑक्टोबर १८६६

ती. ताईस दोमितिल्लाचा सा. न.

तुझं पत्र पोचलं. पाकीट कोणीतरी आधीच उघडून नीट चिकटवलेलं होतं, म्हणून हे पत्र मी रेशमाच्या गाडीवाल्याबरोबर हातोहात पाठवते.

झेंडा मिळणार नाही.

तो मक्याच्या सालपटांच्या गादीत आहे आणि त्यावर मी झोपते. उन्हाळ्यात आम्ही झेंडा लावला त्याला तहात माफी आहे, असं हे म्हणतात. पण आज तो कापडाचा तुकडा घरात सापडला तर यांना तुरुंगात जावं लागेल. आतापर्यंत दोनदा शिपाई येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी आजारी असल्याचं सोंग करून गादीवरून उठलेच नाही. शिपायाने तब्येतीची चौकशी केली, इतका सभ्य की मला रडू आलं.

ताई, तुला एक विचारते. तुझी नदी ब्रेंता, माझीही ब्रेंताच. तू ज्या भाषेत टोमणे मारतेस त्याच भाषेत मी ते खाते. मग तू आत आणि मी बाहेर कशी? हे समजावतात की आमचं खोरं कागदावर ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात आहे, आमची सभा इन्सब्रुकला भरते आणि तिरोल जर्मन राज्यांच्या संघात मोजला जायचा. व्हिएन्नाच्या टेबलावर फक्त व्हेनिसच्या प्रांताचा सौदा होता, आमचं नावच त्यात नव्हतं. आता जर्मनही प्रशियाच्या मागे आपलं एक घर बांधतायत आणि त्यातून आमच्या बादशहांना बाहेर काढलंय. दोन्ही घरांतून हाकललेला माणूस हातात उरलेलं घट्ट धरून बसणारच. हातात उरलो आम्ही.

परवापर्यंत तुझ्याकडे यायला नुसती गाडी लागायची. आता प्रिमोलानोच्या पुढे जकातचौकी बसली आहे आणि बहिणीला भेटायला परवाना लागतो. याला म्हणे देश जोडणं म्हणतात.

तुला देश मिळाला, तर झेंडा तरी माझ्याकडे राहू दे. आणि एवढी मिरवतेस, पण मतदारांच्या यादीत तुझं नाव आहे का, ते आधी बघून ये. इथे तर आमच्या पुरुषांनाही कोणी विचारलं नाही.

रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझी धाकटी,
दोमितिल्ला


बसानो,
२३ ऑक्टोबर १८६६

चि. सौ. दोमितिल्ला हिला आशीर्वाद.

तुझं शेवटचं वाक्य मला झोंबलं. म्हणून काळा रेशमी झगा घालून मी एकवीस तारखेला मुद्दाम गेले.

चौकात बँड होता. पाद्रीबाबा आपल्या लोकांना मिरवणुकीने घेऊन आले होते. मतदानाच्या दालनात दोन पेट्या, एक होकाराची आणि एक नकाराची, दोन्ही उघड्यावर. कोण कुठल्या पेटीकडे वळतो ते अख्खं गाव पाहत होतं. नकाराच्या पेटीजवळ माशीही फिरकली नाही. आमचा माळी बोर्तोलो माझ्यापुढे होता. त्याला अक्षरओळख नाही. छापील चिठ्ठीवर काय आहे ते त्याने मलाच विचारलं आणि मी वाचून दाखवलं. त्याने चिठ्ठी टाकली. माझी पाळी आली तेव्हा कारकून म्हणाला की बाई, एकवीस वर्षांवरचे पुरुष फक्त. या कारकुनाच्या आईला मी अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, आई बरी आहे, तुमची आठवण काढते.

शेजारच्या दालनात बायकांनी आपलं टेबल मांडलं होतं. मत नाही तर नाही, राजाला निवेदन पाठवायचं, आमचाही होकार समजावा म्हणून. मी सही केली. खाली तुझं नाव लिहिलं, पुढे बोर्गो. तिथे व्यवस्था बघायला एक तरुण वकील उभा होता. त्याने वाचलं आणि सांगितलं की या बाई परदेशी आहेत. मग अगदी नम्रपणे त्याने तुझ्या नावावर रेघ ओढली.

आता खरं लिहिते. तुम्ही बाहेर राहिलात हे ऑगस्टात कळलं, त्या दिवशी मी मक्याचा पोलेंटा दोनदा वाढून घेतला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा एक वस्तू मला मिळाली होती आणि तुला नाही. तुझं रूप, तुझा नवरा, आईचा तुझ्याकडचा ओढा, सगळ्याचा हिशेब चुकता झाला असं वाटलं. पण तुला परदेशी म्हणणारा तो कालचा पोरगा कोण? तुझा हेवा करायचा हक्क माझा आहे, तुला परकं करायचा हक्क कोणाचाच नाही. मी त्याच्या हातून लेखणी घेतली आणि माझ्याही नावावर तशीच रेघ ओढली. बायका बघत राहिल्या.

झेंडा ठेव. माझी खिडकी रिकामी आहे, ती तशीच राहील. गादी मात्र बदल, पाठ दुखेल.

तुझी,
ऑर्तेन्सिया


बोर्गो,
२० नोव्हेंबर १८६६

ती. ताईस सा. न.

काल बादशहांच्या राणीसाहेबांचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण, झाला. प्रत्येक सज्जात निशाण हवं असा हुकूम होता, आणि ज्यांनी उन्हाळ्यात भलतं निशाण लावलं होतं त्यांच्याकडे खास लक्ष. घरात कापड एकच, तुला माहीत आहेच.

मी गादी उसवली. आईच्या झेंड्याची हिरवी पट्टी टाका टाका उसवून वेगळी केली. उरलं पांढरं आणि तांबडं. आडवं धरलं की तेच तिरोलचं निशाण. सज्जात लावलं. तो सभ्य शिपाई खाली थांबला, वर बघून टोपीला हात लावला आणि यांना म्हणाला की तुमच्या घरची शिलाई फार सुबक आहे. हे हो म्हणाले. आईच्या हाताला मिळालेला तो पहिला सरकारी सलाम. आता ते आमच्या सज्जात उघड राहील आणि गादीत फक्त सालपटं.

हिरवी पट्टी गाडीवाल्याबरोबर पाठवली आहे, एप्रनचं अस्तर म्हणून शिवून. चौकीवर ते लिहून घेतील, एप्रन एक, जुना, किंमत नाही. ते उसवून ठेव. बाजारातून पांढरं आणि तांबडं आणून त्याला जोडू नकोस. तशी जोडलीस तर मला कळेल, मी तुझी बहीण आहे. माझ्याशिवाय तुझा झेंडा पुरा व्हायचा नाही आणि तुझ्याशिवाय माझा. हिरव्याचे टाके सगळ्यांत बारीक आहेत, तेव्हा या खेपेलाही चांगला तुकडा तुलाच गेला.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, पोलेंटाचा भाग सोडून. तो मी एकटीने चार वेळा वाचला. मीही सांगते, तुला मतदानाला घेतलं नाही हे वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. मग तुझ्या रेघेची ओळ आली.

ताई, माझ्या नावावर दुसऱ्याने रेघ ओढली. तुझ्या नावावर तू स्वतः ओढलीस. तेवढं तरी तुझ्या हातात होतं, त्याचाही मला हेवा वाटतो.

माया कमी करू नकोस. हेवाही थोडा शिल्लक ठेव.

तुझी,
दोमितिल्ला