वन्संच्या उशाशी

आत्याबाई, दवाखान्यात सगळ्यात आधी कोण पोचलं असंल? थोरल्या जाऊबाई. गारखेड्याहून रिक्षा करून, शहाळं घेऊन. मागून मी. तुमच्या लेकीला, आमच्या वन्संला, अर्धांगवायू झालाय. डावी बाजू गेली, वाचाबी गेली. बाकी समजतं समदं.

आपल्यात आजाऱ्याला बघून रडलं नाय तर माया नाय म्हणतात. तुम्हीच शिकवलेलं ते. थोरली पायथ्याशी उभी राहून डोळे पुसत होती, मग मी कशी मागं राहीन? पलंगाशी गेले, गळ्यात पडले नि हंबरडाच फोडला. "काय दशा केली वो देवानं माझ्या वन्संची!" वर विचारलं, "ओळखलं का? सांगा बरं मी कोण?" जीभ उचलत नाय त्या बाईला! तिचे ओठ थरथरले, आवाज निघंना. मग चांगल्या हातानं चादर तोंडावर ओढली. नर्सबाई पेज घेऊन आली तर तोंड उघडंना. थोरली म्हणती, "तू तर जित्या माणसाची मैत केलीस की गं!"

संध्याकाळी बजाजनगरहून माझी नात आली, कंपनीतून सुटून थेट. आत्याबाई, काय पोरगी हाय! तुम्ही बघायला पाहिजे होतं. आधी हात धुतले, गार होते म्हणून चोळून ऊन केले. डाव्या अंगाला मी बसले होते, तिकडं आलीच नाय. उजवीकडं स्टूल ओढलं, तोंडासमोर तोंड येईल असं बसली. चादर ओढली नाय. उजव्या हातावर नुसता हात ठेवला, नि हळू, रोजच्यासारखं बोलली, "आत्याआजी, मी आलेय, तुमच्या भावाची नात. तुम्ही बोलू नका, मीच बोलते." आणि थांबली. लई वेळ थांबली. मला तर गप बसवंना. चादर खाली आली तवा म्हणाली, "तुमच्या मांजरीनं पिल्लं घातलीत. जागा कुठली? तुमची ठेवणीतली पैठणी!"

वन्संचा अर्धा ओठ हसला. खरंच हसला. पोरीनं विचारलं, "पेज देऊ का? हवी असंल तर बोट दाबा." बोट दाबलं. नर्सबाईनं पलंग उंच केला, पोरीनं चमच्या-चमच्यानं भरवलं, दर घोट गिळू देऊन. अर्धी वाटी गेली.

मला नातीचा आनंद मावंना, नि मान वर होईना. चाळीस वर्षं वन्संच्या हातचं खाल्लेली मी, मला तिच्याजवळ बसता येऊ नये? तुम्ही देवाघरी, हा कागद मी कुठं धाडू, पण तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

निघताना पोरगी कानाशी वाकली, "रविवारी येते हं." मीबी म्हणाले, रविवारी येते. पण जवळ जायचा धीर झाला नाय, आत्याबाई. दारातूनच म्हणाले, तेबी पुटपुटत.