पाणी आलं, नामा

३१ जानेवारी १९९६, बारामती
नामदेव गेला. गेला कसला, मारला.
दुपारी फोन आला तेव्हा माझ्या साप्ताहिकाच्या पान तीनची प्रुफं बघत होतो. एस.टी.नं लासुर्णे, पुढं सायकलवर निरवांगीला, कालव्याच्या चारीपर्यंत. शेजारच्या रानातल्या विलासनं पाळी नसताना चारीच्या दारात दगड घालून पाणी वळवलं होतं. नामदेव पाटकरी, पाळीप्रमाणं पाणी सोडणं त्याचं काम. त्यानं दगड काढले. विलासनं खोरं मानेत घातलं. पडल्यावर पुन्हा डोक्यात. पुन्हा तोंडावर. चेहरा ओळखू येत नव्हता, खिशातल्या बॅटरीवरून ओळखला.
मारताना काठावर निम्मं गाव उभं होतं म्हणे. एकटे विलासचे वडील आबा ओरडत होते, “सोड रं, मरंल त्यो!” बाकी कुणी हललं नाही.
विलासला पोलिसांनी नेलं. मी निघालो तेव्हाही चारी वाहतच होती.

१ फेब्रु.
अग्नी दिला. ना.ची आई आक्का हेल काढून रडत होती. त्याच्या खोऱ्याला, बॅटरीला, तुटक्या चपलेला एकेक करून हाका मारत होती. तिचं ऐकताना कळलं, विलाप असाच लिहायचा. मोठे शब्द नकोत, त्याच्या वस्तूंना नावानं हाक मारायची.
परतल्यावर संध्याकाळी छापखान्यातच लिहायला बसलो. शोकगीत, तीन शनिवार, तीन भाग. आधी आकांत, मग सवाल, मग समजूत. ध्रुपद एकच, पण दर भागात त्याची दुसरी ओळ बदलायची. दारं धरणं म्हणजे खोऱ्यानं वाफ्यात पाणी वळवणं; तिथूनच पहिलं:
पाणी आलं नामा, पाणी आलं
दारं धराया कोण नाही

३ फेब्रु.
अंक निघाला. छापखान्याचे तांबोळीभाई म्हणाले, “खिळे जुळवताना हात थांबला, दादा.” निरवांगीत चावडीवर वाचून दाखवलं म्हणे. बाया रडल्या.
दुपारी बातमी: विलासच्या भावकीचा ऊस पेटवला. आतून कोल्ही जळत पळाली.

७ फेब्रु.
दुसरा भाग. सवालाचं अवघड असतं. आधी बाहेर विचारायचं: पाटाला, उन्हाला, देवाला. तू कुठं होतास? मग माणसांना. त्या दिवशी खोरं कुणाच्या हातात होतं? आणि शेवटच्या कडव्यात तोच सवाल उलटून आपल्यावर आला पाहिजे:
पाणी आलं नामा, पाणी आलं
काठावर आम्ही उभे होतो
हे वळण नसलं तर सवाल म्हणजे नुसती फिर्याद. आणि समजुतीलाही वाट राहत नाही. स्वतःला विचारल्याशिवाय माणूस ऐकून घ्यायला तयार होत नाही.

९ फेब्रु.
दहावा, नीरेच्या काठी. पिंडाला कावळा शिवेना. भटजी, भावकी, सगळे बोलून बघत होते. “आईला सांभाळतो.” नाही. “पोरांना शिकवतो.” नाही. ऊन चढलं.
मग धाकटा भाऊ सोपान पुढं झाला. पिंडाकडं बघून म्हणाला, “नामा, तुझ्या रक्ताचा बदला घेतो. विलासच्या घरात दिवा ठेवत न्हाय.”
कावळा उतरला.
लोकांनी एकदम श्वास सोडला. कुणी शिट्टी मारली. आक्का मात्र कावळ्याकडं नाही, सोपानकडं बघत होती.
मी भूक लागलेला कावळा बघितला. हे तिथं म्हणालो असतो तर मलाही नीरेत घातलं असतं.

१० फेब्रु.
अंक हातात घेतला. शेवटचं कडवं नाही. काल मी दहाव्याला, इकडं ऐन वेळी पाइपवाल्याची जाहिरात आली. तांबोळीभाईंनी एक कडवं पुढच्या अंकाला ठेवलं. खाली “अपूर्ण”.
“कवितेचं काय, पुढच्या शनिवारी येतंय की,” म्हणाले. त्यांचं चूक नाही. मीच त्यांना वर्षानुवर्षं हेच शिकवलंय: जागा कमी पडली तर खालून कापा.
आता सवाल संपतो तो “खोरं कुणाच्या हातात होतं” इथं.

११ फेब्रु.
अंक चावडीवर वाचला. वाचणाऱ्यानं विचारलं, “खोरं कुणाच्या हातात होतं?” जमाव ओरडला, “विलासच्या!” तो तर कोठडीत. मग घरात कोण? आबा.
म्हाताऱ्याला फरफटत आणला. ऊस चरकात घालतात तसा हात बैलगाडीच्या चाकात घालून मोडला. दात पाडले. म्हशीच्या मागच्या पायाची शीर कुऱ्हाडीनं तोडली; ती बसून हंबरत होती. त्या दिवशी ओरडलेला एकटा माणूस, आणि त्यालाच.
दवाखान्यात गेलो. आबा सुजल्या तोंडानं म्हणाले, “तुमचं गानं झ्याक हाय म्हनं.”
थट्टा होती का, कळलं नाही.

१२ फेब्रु.
तेरावा. जेवणावळ झाली. सोपान कुऱ्हाड मांडीवर घेऊनच बसला होता.
“दादा, पुढचा भाग काय हाय?”
“समजूत.”
“नगं. तितंच थांबवा. समजूत छापली तर पोरं थंड पडतील.”
“आबांचा हात मोडला, सोपान.”
“हात न्हवं. दिवा म्हनलोय मी.”

१४ फेब्रु.
समजूत लिहिली. तू आता तारा झालास, पाटावर उजेड पाडतोस, आई शांत हो. रीतसर. आक्काला वाचून दाखवली.
ती म्हणाली, “तारा? त्याला अंधारात दिसायचं न्हाय. बॅटरी घेऊन बी धडपडायचा. त्यो कसला उजेड पाडतोय.”
हसली. मग हसता हसता तोंडात पदर कोंबला.
“आन शांत हो म्हंजी काय? गप बस? लेकरू परत आलं का ह्यात?”
“नाही.”
“मग मला बसवू नगंस. काय तरी करायला सांग.”
कागद फाडला. खरं आहे तिचं. समजूत म्हणजे दुःख आवरणं नव्हे. मेलेल्याचं राहिलेलं काम हातात घेणं. पहिल्या भागात जी जागा रिकामी होती, तिथंच माणूस उभा राहिला पाहिजे.
विचारलं, “आता पाळी कुणाची?”
“आबाची. रविवारी. गहू वाळाय लागलाय त्याचा. दारं धराया कोन न्हाय.”
माझीच ओळ. तिला ठाऊक होतं का?

१६ फेब्रु.
राहिलेलं कडवं आणि तिसरा भाग, एकाच पानावर, एका खाली एक. पाइपवाल्याची जाहिरात नाही. तांबोळीभाईंना सांगितलं, जागा कमी पडली तर बातम्या कापा. शेवट:
पाणी आलं नामा, पाणी आलं
दारं मी धरतो
जुळवून झाल्यावर त्यांनी विचारलं, “हा ‘मी’ कोण, दादा?”
कचेरीत बसून तो ‘मी’ म्हणायचा हक्क मला नाही.

१७ फेब्रु.
अंक निघाला. छापखान्यावर दगड. काच फुटून तांबोळीभाईंच्या भुवईला टाके. कोण होते, माहीत नाही. निरवांगीत वाचू दिला नाही, चावडीपुढं जाळला. उद्या पाणी सुटणार.

१८ फेब्रु.
सकाळीच गेलो. आबांचं रान उघडं पडलेलं. आक्का बांधावर येऊन बसलेली, ना.चं खोरं घेऊन. “धर,” म्हणाली. नव्या पाटकऱ्यानं दार उचललं, पाणी आलं. मला दारं धरता येत नाहीत. एक फोडलं तर दुसरं वाहून गेलं. काठावर पुन्हा माणसं जमली, तशीच, हात बांधून.
कुणी तरी म्हणालं, “संपादक, गहू बुडवताय!” हशा झाला.
मग हशा थांबला. सोपान येत होता, खांद्यावर कुऱ्हाड. सरळ माझ्यापुढं. पाणी त्याच्या पायावरून जात होतं. हाताएवढी फट पडली होती बांधाला, तिकडं बघत राहिला.
आक्का बसूनच म्हणाली, “कुऱ्हाड ठेव नायतर नगं ठेवू. पन चपला काढ. चिखुल हाय.”
त्यानं एक चप्पल काढली.