इंग्रजीची हुकलेली तोंडी परीक्षा आणि चव नोंदवहीतील माझी सही

प्रति,
मा. विभागीय सचिव साहेब,
माध्यमिक शालांत परीक्षा विभाग,
रत्नागिरी.

विषय : खासगी विद्यार्थिनी म्हणून दहावीस बसले असता इंग्रजीच्या तोंडी परीक्षेस गैरहजर राहिल्याबद्दल पुन्हा संधी मिळणेबाबत.

संदर्भ : माझा नमुना नंबर १७ चा अर्ज व संपर्क केंद्र शाळेने मला लावलेला गैरहजेरीचा शेरा.

महोदय,

ज्या वर्षी माझी नात शमिका दहावी पास होऊन पुस्तके कोनाड्यात टाकून मुंबईला गेली, त्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, मी ती पुस्तके खाली काढली. माझे वय बासष्ट. मी अक्षरे शिकले एकोणतिसाव्या वर्षी, गावातल्या साक्षरता वर्गात. पुढे पाचवी पास झाले, सातवीचे मनात होते, पण घर, शेती आणि मग आमच्या आंबेकोंडच्या माध्यमिक विद्यालयात खिचडी शिजवण्याचे काम लागले. ते वीस वर्षे केले. असा शिक्षणात एकूण अठ्ठावीस वर्षांचा खंड पडला. अर्जात ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा रकाना होता. त्यात मी लिहिले, ‘शाळा सोडली नाही, फक्त स्वयंपाकघरात बसले होते.’ शाळेचे लिपिक रघू यांनी ते खोडून ‘घरगुती अडचण’ असे लिहिले.

अर्ज ऑनलाइन भरताना ओटीपी मुंबईत मुलाच्या मोबाइलवर गेला. तो ड्युटीवर होता. त्याने फोन उचलून पहिले विचारले, “आये, कोणी फसवलान काय तुला?” मी म्हटले, नाही, मी दहावीला बसते आहे. तो म्हणाला, “मग फसवलानच.” पण नंबर दिला. पाचवीचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो आणि खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र असे सर्व दिले, आणि संपर्क केंद्र म्हणून जिथे वीस वर्षे चुलीशी होते तीच शाळा मिळाली.

महोदय, आता माझी तक्रार.

१) शाळेने मला शनिवारी व सुटीच्या तासाला वर्गात बसू दिले, याबद्दल मी आभारी आहे. परंतु बाकावर बसले की दहा मिनिटांत शिपाई दारात. “आज्जी, डाळ लागलीय तळाला, जरा येऊन जावा.” माझ्या जागेवर आलेली नवी स्वयंपाकीण तेजस्वी गुणी मुलगी आहे, पण मोठ्या टोपाला घाबरते. गेल्या वर्षात मी बीजगणिताच्या वर्गातून अकरा वेळा व इतिहासाच्या वर्गातून सहा वेळा उठले आहे. दोन चलांतील समीकरणांत मला एकच चल येते, दुसऱ्या चलाच्या दिवशी हळद जास्त पडली होती.

२) मुलांना वाढण्याआधी शिक्षक व पालक यांनी अन्न चाखून नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. पालक म्हणून माझे नाव त्या वहीत शमिकेच्या वेळेपासून तसेच राहिले. त्यामुळे मला वर्गातून अधिकृतपणे बोलावता येते. मी मुख्याध्यापकांना विचारले की, आता मी विद्यार्थिनी आहे, तर सही पालकाची कशी? ते म्हणाले, “तुमचे पालक तुम्हीच ना, आज्जी?” मी सही केली.

३) माझे अभ्यासाचे हत्यार गंजलेले आहे, हे मी मान्य करते. माझे एक अक्षर वाटीएवढे पडते, तीन तासांत पुरवण्या लागतात आणि बोटे ताठरतात. एकशेचाळीस मुलांना दीडशे ग्रॅमने तांदूळ किती, हे मी टोपाकडे बघून एकवीस किलो सांगते. पेपरात तेच सांगितले तर सर म्हणतात, “रीत कुठाय?” वीस वर्षे कोणी रीत मागितली नाही, भात मागितला. इंग्रजी मी तेलाच्या डब्यावर ‘नेट वेट’ एवढेच वाचत होते. आता धडा वाचते, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. सगळ्या पोरांसमोर, ज्यांच्या ताटात मी वाढले, त्यांच्यासमोर चुकायचे, हे वाटते तेवढे सोपे नाही.

४) तोंडी परीक्षा वीस गुणांची, लेखी ऐंशीची, आणि पास व्हायला एकूण पस्तीस. लेखी पेपर मी दिला आहे. इंग्रजीच्या अजिंक्य सरांनी माझ्या तोंडून उत्तरे ऐकून अंदाज केला की सव्वीस-सत्तावीस पडतील. म्हणजे तोंडीत आठ-नऊ मिळाले तर मी पास, शून्य असेल तर नापास. एवढाच सगळा खेळ आहे.

५) आता ६ फेब्रुवारी २०२५, तोंडीचा दिवस. वर्गाबाहेर सोळा मुले, मी खासगी म्हणून शेवटची. आत सर एकेकाला घेत होते. माझी पाळी येण्याआधी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि मी उठून गेले.

वर लिहिलेली तक्रार वाचून आपणास वाटेल की शाळेने मला परीक्षेतून ओढून नेले. मी हा अर्ज तसाच लिहायला घेतला होता. रघूनेही तसेच लिहा म्हणून सांगितले. परंतु त्या दिवशी मला कोणीही बोलावले नाही. शिपाई रजेवर होता. तेजस्वीने मला पाहून सांगितले, “आज्जी, आज समदा बरोबर हाय. तुमी जावा परीक्षेला.” मी म्हणाले, मीठ कमी आहे. मीठ कमी नव्हते. मी टोपाशी उभी राहिले, कारण तिथे मला सगळे येते. खिचडी फार चांगली झाली होती. नोंदवहीत मी ‘उत्तम’ असा शेरा लिहून सही केली, वेळ ११.४०. तेवढ्यात वरून माझे नाव तीनदा पुकारले, ते मला ऐकू आले.

घरी गेल्यावर यजमानांनी बाजेवरून विचारले, “काय गो, मारलंस काय इंग्लिश?” महिनाभर ते माझी उत्तरे ऐकत होते. त्यांना इंग्रजीचे ओ की ठो कळत नव्हते, पण मी थांबले की ते ओळखायचे आणि म्हणायचे, “अडकलंस. पुन्हा म्हण.” मी त्यांना सांगितले, चांगली झाली. ते म्हणाले, “मग चाय कर.”

६) तरी माझी विनंती अशी. आजारपणामुळे किंवा अन्य सबळ कारणाने राहिलेल्या मुलांची तोंडी परीक्षा लेखीनंतर पुन्हा घेतात, त्यांत मला बसवावे. सबळ कारण माझ्याकडे नाही. घाबरले, एवढेच आहे. रघू म्हणाला, “आज्जी, घरात एक दाखला आलाय ना, तो जोडा, तारीख कोण बघतो?” तो मी जोडलेला नाही, खाली यादीत लिहिले आहे. मला कृपागुण नकोत. मला फक्त घरी जे सांगितले ते खरे करायचे आहे. नियमात बसत नसेल तर जुलैच्या परीक्षेस बसेन, बोटे तोवर जरा सुटतील.

तसेच परीक्षेच्या दिवशी स्वयंपाकघराला बाहेरून कडी घालावी, व मी आत नाही याची खात्री करून घालावी, असा आदेश शाळेस द्यावा.

पाळी आल्यावर जागेवर असेन, असे कबूल करणारी,
आपली नम्र,
राही लवू पाष्टे
मु. आंबेकोंड, ता. जि. रत्नागिरी
दि. १० मार्च २०२५

सोबत जोडले :
१. प्रवेशपत्राची प्रत.
२. चव नोंदवहीच्या ६ फेब्रुवारीच्या पानाची प्रत (माझ्याविरुद्धचा पुरावा).

सोबत जोडले नाही :
१. मृत्यूचा दाखला. माझे पती लवू धोंडू पाष्टे शनिवार दि. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी घरी वारले. तोंडी परीक्षा त्याआधी नऊ दिवस होती.