बाहुल्यांमध्ये मांडलेल्या माझ्या मैत्रिणी

डंडी, स्कॉटलंड
रविवार

तीर्थरूप इंदिराआत्या,

नव्याचा इथूनच नमस्कार. (हीटरला पाठ लावून बसले आहे, त्यामुळे फार वाकता येत नाही.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यावर तुम्ही गच्चीवर जाऊन त्यांना नावं ठेवलीत असं अप्पांकडून कळलं, म्हणजे बरा असावा. मी मजेत आहे. हे वाक्य सवयीने लिहिलं गेलं. खोडलं तर कागद खराब दिसेल.

पत्र अशासाठी, की तुमच्या फोनवरचे मेसेज अप्पाच तुम्हाला वाचून दाखवतात. कागद तुम्ही स्वतः भिंगाने वाचता. म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

आत्या, घरच्या ग्रुपवर माझे जे फोटो येतात ते त्या त्या दिवशीचे नसतात. इथे ऊन पडतं तेव्हा मी पिशवीत सगळे स्वेटर घालून निघते. नदीकाठी एक, लायब्ररीच्या पायऱ्यांवर दुसरा, असे बदलत महिनाभराचे फोटो एका दुपारी काढते. माणसं मिळवण्याचीही रीत आहे. कोणी घोळक्याने फोटो काढत असेल तर मी काढून देऊ का विचारायचं. मग ते म्हणतात, तूही ये. आपण मध्ये उभं राहून हसायचं. केकचा फोटो आठवतो ना? सामाईक स्वयंपाकघरात कोणाचा तरी वाढदिवस होता. कोणाचा ते मला अजून माहीत नाही. मग दिवसाआड एकेक फोटो सोडायचा, अप्पा नंजनगूडच्या कारखान्यातून येऊन रेल्वेतून उतरतात त्या सुमाराला, म्हणजे घरी पोचेपर्यंत सोबतच्यांना दाखवून होतो. एकदाच फसले. एकाच दुपारच्या सगळ्या फोटोंत बोटाला तीच पट्टी होती. आईला संशय नाही आला, काळजी वाटली: इतके दिवस जखम भरत कशी नाही? अप्पांनी साखर तपासायला सांगितलं. तपासली. उत्तम आहे.

हे सगळं निभलं असतं, पण दसऱ्यात आईने गोंबे-बाहुल्या मांडताना काय केलं ते तुम्ही पाहिलंतच. वर राजाराणी, मग दशावतार, आणि खाली नाचणी पेरून केलेल्या बागेत माझे स्टुडिओतून छापून आणलेले फोटो, पुठ्ठा लावून उभे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारणार, ही कोण, ती कोण. आईने फोन करून नावं मागितली. मी वर्गात होते, सुचतील ती दिली. त्यातली ग्रेस लायब्ररीच्या दारावर ओळखपत्र तपासते. तिची आई आजारी असते, असंही बोलून गेले. आता आई दर वेळी ग्रेसच्या आईची तब्येत विचारते. (सुधारते आहे म्हणून सांगितलं आहे.)

खरा घोटाळा त्यानंतर झाला. पूर्वी रविवारी आई तासभर बोलायची: शेजारच्यांचं मांजर, महागलेला मोगरा, तुमच्याशी झालेलं भांडण. आता दोन मिनिटांत, “मैत्रिणी वाट बघत असतील, जा बाळ, ठेवते मगू.” अप्पांना म्हणते म्हणे, “सुम्ने, उगाच कशाला पोरीच्या मध्ये पडायचं?” अप्पा नुसता अंगठा पाठवतात. गेल्या रविवारी फोन आलाच नाही. मी तो हातात धरून जेवले.

खरं सांगून टाकावं तर शेजारचे रघूत्तमकाका आडवे येतात. त्यांच्या मुलीला, प्रार्थनाला, बेंगळुरूला शिकायला पाठवायचं नाही असं ठरलं होतं. माझे फोटो बघून ते विरघळले, आणि ती गेली. आपल्या घरात पहिली पदवी माझी. मी रडले असं कळलं तर ते तिला परत आणतील, शिवाय गल्लीतल्या आणखी चार पोरी घरी बसतील. शिकायला मी स्वतःच्या हट्टाने आले आहे. पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकून आपल्याकडे सरगूरला काम करायचं आहे, ते करणारच. अभ्यास आवडतो. फक्त संध्याकाळी चारला अंधार पडतो आणि त्यानंतर माझ्याशी कोणी बोलत नाही. हसून हसून गाल दुखतात आणि ते कोणाला सांगायची सोय नाही.

तब्येतीला जपा. जिना चढू नका.

तुमची,
नव्या

ता. क. एक काम आहे. आईला सांगा, नव्या सारू करायचं विसरली, रोज डाळ करपवते आणि उपाशी झोपते. एकटी आहे म्हटलं तर ती घाबरेल, अप्पांना सांगेल, आणि गोष्ट रघूत्तमकाकांपर्यंत जाईल. पण सारू बिघडतो म्हटलं तर रोज फोन करेल, आणि डाळ शिजून फोडणी पडेपर्यंत ठेवणार नाही. इथल्या शेगडीवर डाळ फार हळू शिजते.

ता. ता. क. सारू मला उत्तम जमतो. काल जास्त झाला म्हणून ग्रेसला डबा नेऊन दिला. तिचं खरं नाव मोराग आहे, आणि तिची आई खरंच आजारी आहे. आईला यातलं काही सांगू नका. तब्येत विचारत राहू दे.